विकसन करार आता संपवू या : मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या सभासदांना खुले पत्र

आदरणीय सभासद बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

पुढील महिन्यात होणाऱ्या विशेष सर्वसाधारण सभेत, आपल्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी बिल्डरबरोबर केलेला २०१५ सालचा विकसन करार आणि त्याला दिलेले कुलमुखत्यारपत्र रद्द करण्याचा ठराव आपल्यापुढे येणार आहे. व्यवस्थापन समितीचा सचिव या नात्याने मी या ठरावाच्या बाजूने आहे आणि त्यामागची कारणे सभेपूर्वी आपल्या सर्वांपर्यंत लेखी स्वरूपात पोहोचावीत, अशी माझी इच्छा आहे. डोंबिवली, ठाणे, बदलापूर अशा ठिकठिकाणी भाड्याने राहणाऱ्या चाळीस कुटुंबांना एकत्र बसून बोलण्याची संधी आता फारशी मिळत नाही, आणि सभेतल्या दोन तासांत हा विषय नीट मांडता येणार नाही. आपल्यासारख्याच अवस्थेत अडकलेल्या इतर सोसायट्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

आपल्यापैकी अनेकांचे म्हणणे मी ऐकले आहे. इतकी वर्षे थांबलोच आहोत, बिल्डर नवा फायनान्सर येतोय म्हणतो आहे, आणखी काही महिने वाट पाहिली तर काय बिघडेल, करार मोडला तर कोर्टात दहा वर्षे जातील, असे ते म्हणणे आहे. ही भीती मला समजते, कारण मीही भाड्याच्याच घरात राहतो. परंतु या म्हणण्यामागे असे गृहीत धरलेले असते की वाट पाहिल्याने आपली स्थिती आहे तशीच राहते. तसे नाही. प्रत्येक महिन्याला आपल्या हातातले काहीतरी निसटते आहे आणि ते नेमके काय, हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

प्रथम कामाची खरी स्थिती पाहू. आपण मे २०१७ मध्ये घरे रिकामी केली. डिसेंबर २०१७ मध्ये प्लिंथपर्यंतचे काम सुरू करण्याचे प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, मिळाली आणि कराराप्रमाणे तेथून छत्तीस महिन्यांत सोळा मजली इमारत पूर्ण व्हायची होती. पाचवा स्लॅब पडल्यानंतर काम थांबले ते आजतागायत. दर काही महिन्यांनी पाच-सहा कामगार आणून कुंपणाचे पत्रे सरळ केले जातात, त्याचे फोटो आपल्या ग्रुपवर येतात आणि काम सुरू झाल्याची आशा पुन्हा पालवते. आपण सर्वांनी एकदा सीसीची प्रत वाचावी. तिच्यावर पुढे वाढवून मिळालेली परवानगी पाचव्या मजल्याच्या स्लॅबपर्यंतचीच आहे. पुढच्या मजल्यांसाठी महापालिकेला भरायचे प्रीमियमचे हप्ते थकले आहेत आणि जादा बांधकामाचा हस्तांतरणीय हक्क, म्हणजे टीडीआरही, विकत घेतलेला नाही. अर्थात उद्या शंभर कामगार आले तरी सहावा स्लॅब कायदेशीरपणे टाकता येणार नाही. बिल्डर खरोखर काम सुरू करतो आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर मागायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे भरलेल्या प्रीमियमची पावती आणि वाढवून घेतलेली सीसी. गेल्या वर्षभरात समितीने ती वारंवार लेखी मागितली आणि ती आजवर मिळालेली नाही.

या विलंबाचे कारण म्हणून बिल्डर आपल्या नोटिशीच्या उत्तरात करोनाची साथ पुढे करतो. साथीच्या काळात मुंबईतली कामे बंद पडली हे खरे आहे, आणि महारेराने २०२० मध्ये नोंदणीकृत प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढही दिली होती. पण बिल्डरकडून आपल्याला मिळणारे पर्यायी घराचे भाडे थांबले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, टाळेबंदीच्या जवळजवळ सहा महिने आधी. ज्याच्याकडे साथीपूर्वीच भाडे द्यायला पैसे नव्हते, त्याचे काम साथीमुळे थांबले असे म्हणता येत नाही. म्हणूनच सर्वांना विनंती आहे की, ज्या बँक खात्यात भाडे जमा होत असे, त्या खात्याचा २०१९ आणि २०२० सालचा उतारा काढून ठेवावा. आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्या साध्या कागदात आहे.

आता वाट पाहण्याची किंमत पाहू. थकलेले भाडे वसूल करण्याचा हक्क कायमचा नसतो. मुदतीच्या कायद्यानुसार अशा रकमेसाठी तीन वर्षांच्या आत दाद मागावी लागते, आणि प्रत्येक महिन्याच्या भाड्याची तीन वर्षे त्या त्या महिन्यापासून वेगळी मोजली जातात. साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला, हा आपल्याला मिळालेला दिलासा होता. तरीही २०१९ मधली थकबाकी एव्हाना बुडाली असती. ती वाचली आहे ती दोन कागदांमुळे. पहिला कागद २०२१ चा पुरवणी करार, ज्यात बिल्डरने थकबाकी मान्य केली आणि आपण त्याला जून २०२३ पर्यंत मुदत वाढवून दिली. दुसरा कागद म्हणजे त्याचे जुलै २०२३ चे पत्र, ज्यात “मागील सर्व भाडे दिवाळीपूर्वी देऊ” असे त्याच्या सहीने लिहिलेले आहे. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून कर्ज कबूल केले, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. ज्या पत्राने आपल्याला खोटी आशा लावली, त्याच पत्राने आपली थकबाकी जिवंत ठेवली आहे. पण त्या पत्रापासूनची तीन वर्षे जुलै २०२६ मध्ये पूर्ण होतात. तेव्हा त्याआधीची सगळी थकबाकी मुदतबाह्य होईल, आणि त्यानंतर लागोपाठ पुढच्या प्रत्येक महिन्याचे भाडे एकेक करून मुदतबाह्य होत जाईल. घरटी २८ हजार रुपयांप्रमाणे चाळीस घरांचे एका महिन्याचे भाडे ११ लाख २० हजार रुपये होते, यावरून नुकसानीचा अंदाज यावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वकिलामार्फत नोटीस पाठवली म्हणजे ही मुदत थांबते, असे अनेकांना वाटते. नोटिशीने ती थांबत नाही. आपल्या करारात वाद लवादाकडे नेण्याचे कलम आहे, त्यामुळे “हा वाद लवादाकडे सोपवीत आहोत” अशी स्पष्ट मागणी बिल्डरला मिळेल त्या दिवशीच लवादाची कार्यवाही सुरू झाली असे कायदा मानतो आणि मुदतीचे घड्याळ तेव्हाच थांबते. करार रद्द करण्याच्या पत्राबरोबरच ही मागणीही जावी, असे समितीने ठरवले आहे, ते याच कारणासाठी.

दुसरी आणि माझ्या मते अधिक गंभीर गोष्ट दिवाळखोरीची आहे. बिल्डरने बाहेर विकायच्या फ्लॅटवर, म्हणजे विक्रीच्या भागावर, कर्ज काढलेले आहे हे आपल्याला ठाऊक आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने त्याच्या कंपनीविरुद्ध राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात अर्ज केला आहे, असे न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोध घेतल्यावर दिसते. अर्ज अजून दाखल करून घेतलेला नाही. तो ज्या दिवशी दाखल करून घेतला जाईल, त्या दिवसापासून २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार स्थगिती लागू होते. कंपनीविरुद्ध दावे आणि लवाद चालवता येत नाहीत, तसेच कंपनीच्या वहिवाटीत असलेली मालमत्ता मूळ मालकालाही परत घेता येत नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्रा चाळीत, ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासात हेच झाले. विकासक कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि म्हाडाने करार रद्द केला तो त्यानंतर, जानेवारी २०१८ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये निकाल दिला की, जमिनीची मालकी म्हाडाची असली आणि विकासकाला केवळ बांधकामासाठी प्रवेश दिलेला असला, तरी जागा प्रत्यक्षात त्याच्या वहिवाटीत असल्याने स्थगिती असेपर्यंत ती काढून घेता येणार नाही.

हा निकाल मी कोणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. क्रम किती महत्त्वाचा आहे हे त्यातून कळते. स्थगिती लागण्यापूर्वी करार रीतसर रद्द झालेला असेल आणि जागेचा ताबा सोसायटीकडे आलेला असेल, तर आपली बाजू पुष्कळ मजबूत राहते. ती अभेद्य होईल असे वचन कोणताही प्रामाणिक वकील देणार नाही, आणि आपल्या वकिलांनीही दिलेले नाही. पण स्थगितीनंतर आपण जागे झालो, तर चाळीस कुटुंबे एका दिवाळखोर कंपनीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत उभी राहतील आणि आपली इमारत कोण, केव्हा बांधणार हे त्या कंपनीला कर्ज देणाऱ्यांची समिती ठरवेल. हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका आहे आणि कोर्टात जाण्याच्या भीतीपेक्षा त्याचे भय आपण अधिक बाळगले पाहिजे.

करार रद्द करणे म्हणजे एक पत्र पाठवून मोकळे होणे नव्हे. वर्षानुवर्षे उशीर चालवून घेणाऱ्याने एके दिवशी अचानक करार मोडला, तर “तुम्ही तर आजवर मुदत देतच आलात” असा बचाव समोरच्याला मिळतो. म्हणून समितीने गेल्या वर्षी, पुरवणी कराराची मुदत जून २०२३ मध्येच संपल्याचे नमूद करून, करारात सांगितल्याप्रमाणे नव्वद दिवसांत कसूर दूर करण्याची शेवटची नोटीस दिली. बिल्डरने तिला दिलेल्या उत्तरात साथ, सिमेंट-लोखंडाचे भाव आणि काही सभासदांचे असहकार्य अशी कारणे दिली. असहकार्याचा आरोप खोटा आहे. चाळीसही सभासदांनी एकाच महिन्यात घरे रिकामी केली, त्याच्या ताबापावत्या दप्तरी आहेत. नव्वद दिवस उलटून गेले आहेत आणि एकही कसूर दूर झालेली नाही.

आता जागेवरचे काम. रद्द करण्याचे पत्र जाण्यापूर्वी अर्धवट इमारतीचा पंचनामा झाला पाहिजे, कारण पुढे बिल्डर केलेल्या खर्चाची मागणी करील तेव्हा नेमके काय बांधले होते आणि ते कोणत्या अवस्थेत होते, हाच प्रश्न येईल. मागच्या आठवड्यात आपले प्रकल्प सल्लागार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्याबरोबर मी आत गेलो होतो. लिफ्टच्या खड्ड्यात कमरेइतके हिरवे पाणी साचलेले आहे. पाचव्या स्लॅबवरून पुढच्या खांबांसाठी वर काढून ठेवलेल्या सळ्या उघड्याच आहेत, त्यांना सिमेंटचा साधा लेपही दिलेला नाही आणि हाताने घासले तर गंजाचे पापुद्रे निघतात. इंजिनिअरांनी एका खांबाचा कोपरा थोडा छिन्नीने काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले. चांगले काँक्रीट लगेच गडद गुलाबी होते, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा क्षारपणा गेलेला असतो ते रंगहीन राहते. त्या खांबाचा बाहेरचा थर रंगहीन राहिला, आतला भाग गुलाबी झाला. रंगहीन थर अजून सळीपर्यंत पोहोचलेला नाही, ही समाधानाची बाब आहे. तो तेथे पोहोचला की काँक्रीटचे सळीला असलेले संरक्षण जाते. हा सांगाडा वापरता येईल की पाडावा लागेल, हे एका खांबावरून सांगता येत नाही. त्यासाठी कोअर काढून दाबचाचणी आणि सळ्यांच्या गंजाची चाचणी सर्व मजल्यांवर करावी लागेल. बिल्डरला तारीख कळवून, त्याच्या प्रतिनिधीला हजर राहण्याची संधी देऊन ती करायची आहे. तो आला नाही, तर तसे पंचनाम्यात नोंदवले जाईल. प्रत्येक पावसाळ्यात हा सांगाडा आणखी खराब होतो आहे आणि नव्या विकासकाच्या हिशेबात तो फुकट मिळालेली बांधणी ठरायची की पाडण्याचा खर्च, हे त्यावर अवलंबून आहे.

बिल्डरने करारापोटी दिलेल्या बँक गॅरंटीबद्दल अनेकांनी विचारले आहे. प्लिंथनंतर कराराप्रमाणे तिचा काही भाग सोडला गेला, आता दीड कोटी रुपयांची गॅरंटी शिल्लक आहे. ती बिल्डरने बँकेत मुदत ठेव ठेवून घेतलेली असल्याने तिचे दरवर्षी नूतनीकरण होत आले, पण पुढे होईलच याची खात्री नाही. गॅरंटीच्या मजकुरात दिलेल्या शब्दांतच, त्याच शाखेकडे, दाव्याच्या शेवटच्या तारखेआधी मागणी पोहोचली, तर बिल्डरशी असलेल्या वादात न शिरता बँकेने पैसे द्यायचे असतात. फसवणूक किंवा भरून न येणारा अन्याय अशा अपवादात्मक कारणांखेरीज न्यायालये तिला अडवत नाहीत. मात्र या रकमेबद्दल भ्रम नको. दीड कोटी म्हणजे आपल्या चाळीस घरांचे जेमतेम तेरा महिन्यांचे भाडे. ती मिळाल्यावर वाटून घ्यायची की चाचण्या, वकील आणि जागेची राखण यांसाठी ठेवायची, हे सभेने ठरवायचे आहे. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, आणि भाडे भरताना ज्यांची ओढाताण होते आहे त्यांना ते कठोर वाटेल याची मला जाणीव आहे.

विक्रीच्या भागातील फ्लॅट घेतलेल्या अकरा कुटुंबांविषयी मला विशेष लिहायचे आहे. त्यांचे करार नोंदणीकृत आहेत, त्यांचे पैसे बिल्डरकडे अडकले आहेत आणि ते आपल्या जागेवर हक्क सांगतील अशी भीती काही सभासदांना वाटते. अंधेरीच्या डी. एन. नगरमधील सोसायट्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ही बाब स्पष्ट केली आहे. विकासकाकडून फ्लॅट घेणाऱ्याचा करार विकासकाशी असतो, त्याचा हक्क विकासकाच्या हक्कातून आलेला असतो आणि विकासकाचा हक्कच संपला तर तो सोसायटीवर बंधन घालू शकत नाही. व्याजासह परतावा मागण्याचा त्यांचा मार्ग महारेराकडे, बिल्डरविरुद्ध आहे. कायदा इतका स्पष्ट असला, तरी ही माणसे आपली शत्रू नाहीत. त्यांतली दोन कुटुंबे आपल्याच गल्लीतली आहेत. नव्या विकासकाच्या निविदेत, या अकरा जणांना आधी भरलेली रक्कम धरून घर देण्याची त्याची तयारी आहे का, असा प्रश्न आपण विचारावा, अशी माझी सूचना आहे. मात्र आज त्यांना कोणतेही लेखी वचन देऊ नये, कारण असे प्रत्येक वचन आपल्या सभासदांच्या वाढीव क्षेत्रातून आणि कॉर्पस निधीतून जाईल, आणि ते पाळण्याची ताकद आपल्यात आहे का हे आज कोणालाच माहीत नाही. समितीने त्यांना सभेपूर्वी बोलावून आपला निर्णय स्वतः सांगावा, वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेतून तो त्यांना कळू नये.

ठराव संमत झाल्यावर करार आणि कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचे पत्र बिल्डरला जाईल. महापालिकेचा इमारत प्रस्ताव विभाग, महारेरा आणि कर्ज देणारी संस्था यांना त्याची प्रत जाईल, आणि मराठी व इंग्रजी वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येईल. तरीही दुय्यम निबंधकाच्या नोंदीत, म्हणजे इंडेक्स-टूमध्ये, बिल्डरचेच नाव दिसत राहील, कारण दोन पक्षांनी नोंदवलेला करार एका पक्षाला दुय्यम निबंधकाकडे जाऊन रद्द करून घेता येत नाही. त्यासाठी करार वैधपणे संपल्याची घोषणा लवादाकडून मिळवावी लागेल. नव्या विकासकाला पैसे देणारी बँकही तोच कागद मागेल. तोवर बिल्डरने जागेत येऊ नये आणि आणखी फ्लॅट विकू नयेत, यासाठी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागेल. त्यात अंतरिम आदेश मिळाल्यास नव्वद दिवसांत लवाद सुरू व्हावा लागतो, आणि आपली मागणी आधीच गेलेली असल्याने ती अट पूर्ण झालेली असेल. याला वेळ लागेल हे मी लपवत नाही. पण कोर्टाची वर्षे कधी ना कधी मोजावीच लागणार आहेत. ती आज सुरू केली तर थकबाकी, गॅरंटी आणि सांगाडा हातात असताना सुरू होतील.

स्वयंपुनर्विकास करायचा की नवा बिल्डर आणायचा, हा वाद या सभेत काढू नये, अशी कळकळीची विनंती आहे. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे बरेच आहे, परंतु जमीन मोकळी होण्याआधी त्यावर फूट पडली, तर तिचा फायदा बिल्डर घेईल.

सभा आपण बिल्डर निवडताना सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालील शासनाच्या निर्देशांनुसार घेतली होती. रद्द करण्याची सभाही तितक्याच काटेकोरपणे घेण्याचे समितीने ठरवले आहे. किमान दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती, एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिकांची लेखी संमती आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण झाल्याखेरीज ठराव संमत झाला असे आम्ही धरणार नाही. चाळीसपैकी सत्तावीस जण हजर असणे त्यासाठी आवश्यक आहे.

प्रतिनिधी पाठवून मत देता येत नाही, म्हणून स्वतः यावे. सहयोगी सभासदाला पाठवायचे असेल, तर मूळ सभासदाची लेखी संमती आधी कार्यालयात द्यावी. या आठ-नऊ वर्षांत आपले सहा सभासद नव्या घराची वाट पाहतच गेले. त्यांच्यापैकी चार घरांच्या वारसांनी सभासदत्व अजून आपल्या नावे करून घेतलेले नाही आणि तोवर त्यांना मत देता येणार नाही. त्या चारही कुटुंबांनी मृत्यूचा दाखला, नामनिर्देशनाची प्रत आणि हस्तांतराचा अर्ज या आठवड्यात माझ्याकडे पोहोचवावा. समितीची बैठक सभेच्या आधी त्यासाठीच बोलावली आहे.

आपला नम्र,
सचिव, व्यवस्थापन समिती
मुलुंड (पूर्व), मुंबई